पावसाळी तंबूच्या लेबलावरचे आकडे

जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनईत मुक्काम करायचा आहे असं समजू. रात्री पारा साधारण १७-१८ अंशांवर असतो. स्लीपिंग बॅगच्या लेबलावर 'कम्फर्ट १५, लिमिट १०' असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा पाहावा. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ती पातळी. इथे हिमालयातली शून्य अंशांची बॅग नुसता घाम काढते. पिसांची बॅग भिजली की तिची ऊब जाते, म्हणून पावसाळ्यात सिंथेटिक भरणाची घ्यावी.

तंबूवर '३००० मिमी' लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला, तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. छताला एवढं पुरतं. जमिनीच्या कापडावर मात्र आपल्या गुडघ्यांचा, कोपरांचा दाब पडतो, म्हणून तिथला आकडा जास्त हवा. शिवाय हा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नाही. शिवणींवर आतून टेप आहे का, हे उलटून पाहावं. सकाळी शिवणीच्या रेषेत थेंब दिसले तर गळती. छतभर सारखा ओलावा असेल तर तो श्वासाचा दमटपणा. त्यावर उपाय म्हणजे झरोके उघडे ठेवणं.

राहिला घडीचा आकार. ४० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर व्यासाची गुंडाळी सुमारे ७ लिटर जागा खाते. ४५ लिटरच्या सॅकमध्ये ती सहज मावते, पण परतताना भिजलेला तंबू इतका घट्ट गुंडाळता येत नाही. त्यासाठी थोडी जागा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी राखून ठेवावी.