वहिनींना काय लिहायचं?

मुलं बंगळुरूला नाहीतर परदेशात, आईवडील जुन्या घरात, आणि अडीअडचणीला धावून येणार ते शेजारी. हे आता घरोघरचं झालं आहे. प्रसंग निभावल्यावर मुलं शेजाऱ्यांना जे लिहितात, तेही बहुधा ठरलेलंच असतं: ‘तुमचे उपकार कसे फेडू, शब्दच नाहीत.’ भावना खरी असते. पण त्या धावपळीनंतर शेजाऱ्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत असतं. मी केलं ते बरोबर होतं ना? उशीर तर झाला नाही? आभाराचा निरोप या प्रश्नांपर्यंत पोहोचला, तरच तो त्यांच्या उपयोगाचा.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी. सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी घेताना समोरच्या वहिनींशी दोन शब्द बोलल्या. पावणेआठला वहिनी डोकावल्या, तर आजी खुर्चीत कलंडलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलेना, बोलणं जड. वहिनींनी १०८ ला फोन लावला. कुणी ‘पाणी तरी पाजा’ म्हणालं, तर त्यांनी पाजू दिलं नाही. निघताना औषधांची पिशवी आणि फाईल उचलली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, शेवटच्या धडधाकट कधी होत्या? वहिनींनी सांगितलं, साडेसहाला, माझ्याशी नीट बोलल्या.

या उत्तराचं मोल मुलाला कळायला हवं, म्हणजे त्याला ते लिहिता येईल. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत सुरू करावं लागतं. हे तास माणूस सापडल्यापासून मोजत नाहीत, तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणजे आजींना अकरा वाजेपर्यंत मुदत होती. दुधाच्या वेळची ती भेट कुणी सांगितली नसती, तर मोजणी आदल्या रात्री झोपल्यापासून धरली असती आणि वेळ केव्हाच टळलेली ठरली असती. शिवाय आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इंजेक्शन द्यायचं की नाही, हेच बदलू शकतं. म्हणून ती पिशवी. आणि पाणी? लकव्यात गिळणं बिघडतं, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

वहिनींना यातलं बहुतेक ठाऊकही नसेल. म्हणून मुलाने, डॉक्टरांशी बोलून झाल्यावर, साधारण असं लिहावं:

‘वहिनी, आई आज वॉर्डात आली. बोलणं अजून अडखळतंय, पण हात थोडा उचलते. डॉक्टर म्हणाले, साडेसहाची वेळ तुम्ही नेमकी सांगितलीत म्हणून इंजेक्शन देता आलं. तुम्ही तिला पाणी पाजू दिलं नाहीत, हेही बरोबर केलंत. गोळ्यांची पिशवी आणलीत, त्यामुळे त्यांना काही विचारत बसावं लागलं नाही. मी पोहोचेपर्यंत दादा बाहेर बाकावर बसून होते, हे मला सिस्टरनी सांगितलं. आता मी इथेच आहे, तुम्ही दोघं आज झोपा.’

शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याने शेजाऱ्यांची ड्युटी संपते. ‘यापुढेही लक्ष असू द्या’ ही ओळ याच निरोपात आली, की आभारांची विनंती होते. ती बोलणी नंतर, समोर बसून करावीत. त्यात घराची एक किल्ली, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री कुणाला उठवायचं, हे ठरवून घ्यावं.

पैशांचंही तसंच. वहिनींनी भरलेलं डिपॉझिट, औषधं, रिक्षा हे सगळं विचारून त्याच दिवशी परत करावं. ‘राहू द्या हो, घाई काय’ असं त्या म्हणतीलच. तरी करावं, आणि रुपयाला रुपया. वर हजार-दोन हजार जास्त घालू नयेत, ती मजुरी वाटते. हा हिशेब आभाराच्या निरोपात मिसळू नये. आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर काहीच टाकू नये. आपल्या आजाराची चर्चा सगळ्या विंगमध्ये व्हावी, हे आजींना चालेल का, हे आधी त्यांना विचारायला हवं.

सगळ्यात अवघड निरोप असतो तो आई वाचली नाही तेव्हाचा. मग मुलं गप्प बसतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं. कधी आजार फार मोठा असतो, कधी रक्तस्राव असल्याने इंजेक्शन देताच येत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर ते जसंच्या तसं वहिनींना कळवावं. ‘थोडं आधी कळलं असतं तर’ हे शब्द त्यात चुकूनही नकोत. दिवसकार्य आटोपायची वाटही पाहू नये. दोन ओळी चालतील, पण त्या आठवड्यातच लिहाव्यात: शेवटी आई एकटी नव्हती, तुम्ही तिच्याजवळ होता.