चंद्रावरचं बोलणं मराठी सबटायटलमध्ये बसवताना

20 जुलै 1969. भारतात तेव्हा तारीख बदलून मध्यरात्रीचा पावणेदोनचा सुमार झाला होता. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावरून ह्यूस्टनला ‘ईगल’ उतरल्याचं कळवलं, आणि पृथ्वीवरून चार्ली ड्यूकने त्याला उत्तर दिलं. या उत्तरात धाप होती, गंमत होती, आणि मिनिटभर अडकलेला श्वास सुटल्याचा आवाजही होता. अपोलो 11 वरच्या माहितीपटांमध्ये हा संवाद हमखास ऐकू येतो. समजा, असा एखादा माहितीपट शाळेतल्या मुलांना मराठी सबटायटलसह दाखवायचा आहे आणि हाती त्याची इंग्रजी सबटायटलची फाइल आहे. मग काम फक्त इंग्रजीचं मराठी करण्याचं उरत नाही. प्रत्येक वाक्य पडद्यावर कधी येणार आणि कधी जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. मराठीला तेवढ्याच वेळात उभं राहायचं असतं.

ही फाइल बहुधा ‘एसआरटी’ असते. डीव्हीडीवरची चित्ररूप सबटायटल ओळखून त्यांचा मजकूर करणारा ‘सबरिप’ नावाचा प्रोग्राम होता, त्याच्यामुळे हा प्रकार रूढ झाला. नोटपॅडमध्ये उघडली तर ती साधी मजकुराची फाइल दिसते. आपल्या संवादाचा भाग तिच्यात साधारण असा असेल (वेळा नमुन्यादाखल घातल्या आहेत):

```
42
00:02:15,000 --> 00:02:17,200
<i>Roger, Tranquility.
We copy you on the ground.</i>

43
00:02:17,300 --> 00:02:18,900
<i>You got a bunch of guys</i>

44
00:02:19,000 --> 00:02:21,100
<i>about to turn blue.
We're breathing again.</i>
```

वर क्रमांक, खाली वेळ, मग मजकूर, आणि शेवटी एक रिकामी ओळ. वेळेत तास, मिनिटं, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग येतात. बाणाच्या डावीकडे मजकूर उमटण्याची वेळ, उजवीकडे पुसला जाण्याची. `<i>` आणि `</i>` या टॅगांच्या मधला मजकूर तिरका दिसतो. बोलणारा समोर नाही, आवाज रेडिओवरून किंवा फोनवरून येतोय, हे दाखवायची ही रूढ खूण आहे. इथे ड्यूकचा आवाज रेडिओवरून येतो, म्हणून त्याची वाक्यं तिरकी. अनुवादकाने हात लावायचा तो फक्त टॅगांच्या मधल्या शब्दांना. बाकी सगळं प्लेअरसाठी लिहिलेलं असतं आणि त्यात एका चिन्हाचाही बदल त्याला चालत नाही.

नवखा अनुवादक पहिली ठेच खातो ती 43 आणि 44 या तुकड्यांवर. वाक्य एकच आहे, पण ड्यूकच्या बोलण्याच्या लयीप्रमाणे ते दोन तुकड्यांत विभागलं आहे. एकेक तुकडा सुटा घेऊन भाषांतर केलं, तर 43 मध्ये ‘तुमच्याकडे माणसांचा एक घोळका आहे’ आणि 44 मध्ये ‘निळे पडण्याच्या बेतात’ असं काहीतरी तयार होतं. पहिला तुकडा वाचून प्रेक्षकाला वाटेल, चंद्रावर आणखी माणसं आहेत की काय! म्हणून आधी दोन्ही तुकडे जोडून अख्खं वाक्य वाचायचं, मराठीत ते कसं म्हटलं जाईल ते ठरवायचं आणि मगच त्याची वाटणी करायची. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे इंग्रजीत पहिल्या तुकड्यात असलेला शब्द मराठीत दुसऱ्यात जातो, आणि त्याला काही हरकत नसते. दोन्ही तुकड्यांच्या वेळा तशाच राहिल्या, की झालं:

```
43
00:02:17,300 --> 00:02:18,900
<i>इथे सगळे श्वास रोखून</i>

44
00:02:19,000 --> 00:02:21,100
<i>बसले होते.
आता जिवात जीव आला.</i>
```

वाटणीला एक मर्यादा मात्र आहे. वाक्याचा भार पुढच्या तुकड्यात सरकवता येतो, पण बातमी आधी फोडता येत नाही. पडद्यावर ज्या क्षणी नियंत्रण कक्षातली माणसं सुटकेचा श्वास टाकताना दिसतात, त्याच्या आधीच ‘जिवात जीव आला’ उमटलं तर चित्र आणि शब्द यांची फारकत होते. विनोदी चित्रपटात ही चूक फार महागात पडते. पात्राने तोंड उघडायच्या आत प्रेक्षागृह हसून मोकळं होतं.

मजकूर वाचायला वेळ पुरेल का, याचा एक सोपा हिशेब आहे. तुकड्यातली चिन्हं मोजायची आणि तो किती सेकंद दिसतो त्याने भागायचं. मोठ्यांसाठीच्या इंग्रजी सबटायटलमध्ये सेकंदाला साधारण 17 ते 20 चिन्हं ही मर्यादा पाळली जाते आणि एका वेळी दोनच ओळी ठेवतात. मूळ 44 व्या तुकड्यात 41 चिन्हं आहेत आणि तो 2.1 सेकंद दिसतो. म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस, अगदी काठावर. वरच्या मराठीत 28 चिन्हं आहेत, म्हणजे सेकंदाला तेराच्या आसपास. मुलांसाठी हे बरंच झालं.

मात्र मराठीत हा आकडा फसवतोही. ‘क्षितिज’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणक तो सात चिन्हांचा मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. जोडाक्षरं आणि काना-मात्रा भरपूर असलेलं वाक्य त्यामुळे सॉफ्टवेअरला लांबलचक वाटतं आणि त्याच्यासमोर लाल खूण येते, वाचणाऱ्याला मात्र ते सहज जमतं. उलट, परिचयाचे नसलेले शब्द असतील तर थोडक्या चिन्हांचं वाक्यही अडखळत वाचलं जातं. तेव्हा आकडा पाहावा जरूर, पण शेवटी तुकडा चालू चित्रावर एकदा मनात वाचून पाहण्याला पर्याय नाही.

तिरक्या टॅगांची खरी गंमत विभक्तीपाशी आहे. इंग्रजीत यानांची आणि जहाजांची नावं तिरकी छापायची पद्धत आहे. निवेदक म्हणतो की मायकेल कॉलिन्स एकटाच ‘कोलंबिया’ यानात थांबला, आणि फाइलमध्ये फक्त यानाचं नाव टॅगांत असतं. मराठीत नाव वाक्याच्या मधे येतं आणि त्याला प्रत्यय चिकटतो. म्हणून टॅग त्या नावाबरोबर हलवावा लागतो:

```
कॉलिन्स एकटाच <i>कोलंबिया</i>त थांबला.
```

हे बिनघोर चालतं, कारण ‘त’ हे स्वतंत्र अक्षर आहे. पण `<i>ईगल</i>ातून` असं लिहिलं, तर टॅग बंद झाल्यानंतरचा काना निराधार होतो. अनेक प्लेअर तो टिंबांच्या वर्तुळावर बसवून दाखवतात आणि पडद्यावर शब्दाचे दोन तुकडे दिसतात. उपाय सोपा आहे. प्रत्ययाची सुरुवात काना-मात्रेने होत असेल, तर अख्खा शब्दच टॅगांत घ्यायचा, `<i>ईगलातून</i>` असा. इंग्रजी फाइलवर काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही, त्यामुळे इंग्रजीतल्या सूचनापत्रकांत त्याचं उत्तरही सापडत नाही.

आता फाइल मोडते कशी ते. वेळेच्या ओळीला धक्का बहुधा मदत करायला निघालेल्या सॉफ्टवेअरकडूनच लागतो. वर्डमध्ये `-->` टाइप केलं, की ते त्याचा एक सुबक बाण करतं. प्लेअरला तो बाण ओळखू येत नाही आणि तो तुकडा गायब होतो. संवादात ‘३० सेकंद’ असे देवनागरी आकडे घालायला काहीच हरकत नाही. पण सगळे आकडे एकगठ्ठा बदलायच्या नादात वेळही `००:०२:१५` झाली, तर फाइलमधलं एकही सबटायटल दिसणार नाही. तुकड्याच्या मधेच एखादी रिकामी ओळ राहिली, तर प्लेअर तुकडा तिथेच संपला असं समजू शकतो आणि खालचं वाक्य गळतं. म्हणून वर्ड टाळून ‘सबटायटल एडिट’सारखा मोफत प्रोग्राम वापरणं शहाणपणाचं. त्यात वेळा वेगळ्या रकान्यात राहतात आणि मजकुराला हात लावताना त्यांना चुकून धक्का बसत नाही.

अक्षरंच बिघडली, तर बिघाडाच्या चेहऱ्यावरून कारण ओळखता येतं. सगळीकडे `à¤®à¤` अशी चिन्हं दिसत असतील तर घाबरू नये. फाइल चांगली आहे, प्लेअर तिला चुकीच्या पद्धतीने वाचतोय. त्याच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-8 निवडलं की मराठी परत येते. पण सगळीकडे `????` दिसत असतील तर मजकूर गेला. फाइल जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीने सेव्ह झाली आणि देवनागरीच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली, ती परत फिरवता येत नाहीत. विंडोज 10 च्या 2019 मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करतं. त्याआधीच्या संगणकावर मात्र सेव्ह करताना ते निवडावं लागतं. तिसरा प्रकार खास आपल्याकडचा. डीटीपीवाल्याने पुण्याच्या श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून दिलेला मजकूर त्याच्या पडद्यावर छान मराठी दिसतो आणि प्लेअरमध्ये त्याचा इंग्रजी अक्षरांचा कालवा होतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

काम संपल्यावर वेळा शाबूत आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी तपासत बसायची गरज नाही. लिनक्स किंवा मॅकवर मूळ आणि मराठी फाइलमधल्या फक्त वेळेच्या ओळी बाजूला काढून ताडून पाहता येतात:

```
grep -- '-->' en.srt > en.txt
grep -- '-->' mr.srt > mr.txt
diff en.txt mr.txt
```

काहीच उमटलं नाही, तर सगळ्या वेळा जशाच्या तशा आहेत. एक-दोन ओळी उमटल्या, तर तिथेच बोट ठेवता येतं. एकसारख्या दिसणाऱ्या सगळ्याच ओळी वेगळ्या म्हणून आल्या, तर बहुधा एक फाइल विंडोजवर आणि दुसरी दुसरीकडे सेव्ह झालेली असते. ओळीच्या शेवटी असलेलं अदृश्य चिन्ह वेगळं पडतं, वेळा नव्हे. याच रीतीने `<i>` किती आणि `</i>` किती हेही मोजावं. एक टॅग बंद करायचा राहिला, तर काही प्लेअर तो तुकडा संपेपर्यंतचा मजकूर तिरका करतात, तर काही टॅगच पडद्यावर छापतात.

एवढं करूनही सबटायटल आवाजाच्या मागेपुढे धावत असतील, तर चूक अनुवादकाची असेलच असं नाही. माहितीपट सुरू होताना, मधे आणि शेवटी अशा तीन ठिकाणी पाहावं. तिन्हीकडे सारखाच फरक असेल, तर व्हिडिओच्या सुरुवातीला काहीतरी जोडलं किंवा कापलं गेलंय, आणि सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवल्या की भागतं. फरक हळूहळू वाढत गेला, तर सबटायटल सेकंदाला 23.976 चित्रं असलेल्या प्रतीसाठी बनलेली आहेत आणि हाती 25 चित्रांची प्रत आहे, किंवा याच्या उलट. तासाभरात हा फरक अडीच मिनिटांच्या घरात जातो. ‘सबटायटल एडिट’मध्ये चित्रांचा वेग बदलायची सोय आहे, आणि ती वापरताना मराठी मजकुराला हात लावावा लागत नाही.

शेवटी फाइलचं नाव. व्हिडिओ `apollo11.mp4` असेल, तर सबटायटल त्याच फोल्डरमध्ये `apollo11.mr.srt` या नावाने ठेवावं. `mr` हे मराठीचं आंतरराष्ट्रीय लघुरूप आहे. व्हीएलसीसारखा प्लेअर नावं जुळली की फाइल स्वतःच उचलतो, आणि वर्गात प्रोजेक्टर लावणाऱ्या शिक्षकाला कुठलाही मेनू उघडावा लागत नाही.