पंधरा वर्षांचा रहिवास, एका वर्षाचं उत्पन्न

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या सेतू केंद्रांवर आणि महा ई-सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. वैद्यकीयला राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा तर अधिवास प्रमाणपत्र लागतं, म्हणजे बोलीभाषेतला डोमिसाईल. फी-सवलत किंवा शिष्यवृत्ती हवी तर उत्पन्नाचा दाखला लागतो. बरेच जण दोन्हींसाठी एकच फाईल घेऊन जातात आणि तिथेच अडकतात. डोमिसाईलसाठी कुटुंब इथे किती वर्षं राहतंय हे पाहतात. उत्पन्नाच्या दाखल्यात ठरावीक आर्थिक वर्षाची कमाई तपासतात.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. वडील रिक्षाचालक, मूळचे बीदरचे, २००६ पासून पुण्यात. मुलगी २००७ साली आजोळी बीदरला जन्मली, पण पहिलीपासून बारावीपर्यंत पुण्यात शिकली. आता २०२५ च्या जूनमध्ये तिला दोन्ही दाखले हवे आहेत.

डोमिसाईलचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. वयासाठी तिचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. ओळख आणि सध्याच्या पत्त्यासाठी आधारकार्ड आहेच. कठीण भाग पुढे आहे. जन्म कर्नाटकातला असल्यामुळे महाराष्ट्रातला सलग पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागेल, म्हणजे २०१० पासूनचा. आधारकार्डावर फक्त आजचा पत्ता असतो. त्यावरून मागची वर्षं सिद्ध होत नाहीत.

शाळेच्या नोंदी २०१३ पासून सुरू होतात. मधली तीन वर्षं मोकळी राहिली, तर अर्ज तिथेच अडतो. ही फट वडिलांच्या कागदांनी भरायची: जुनं रेशनकार्ड, त्या काळातलं वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा नोंदणीकृत भाडेकरार. घर बदललेलं असेल तर प्रत्येक पत्त्याचा एकेक कागद वर्षवार लावून ठेवावा. तपासणाऱ्या कारकुनाला २०१० ते २०२५ अशी साखळी एका नजरेत दिसली पाहिजे.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पगारदाराला फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र पुरतं. शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. रिक्षाचालकाकडे यातलं काहीच नसेल, तर स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याची चौकशी यांवर भिस्त असते. आई घरी शिवणकाम करत असेल, तर तेही उत्पन्नात धरावं. चौकशीत एक आकडा आणि घोषणापत्रात दुसरा निघाला की अर्ज फेटाळला जातो.

अर्जात वर्षांची संख्या नीट निवडावी. शिष्यवृत्तीला सहसा एका वर्षाचा दाखला चालतो, नॉन-क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांचा लागतो. जून २०२५ मध्ये या मुलीने २०२४-२५ हे वर्ष निवडायचं. तो दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालेल, पुढच्या वर्षी नवा काढावा लागेल. डोमिसाईल मात्र एकदा मिळालं की दरवर्षी काढावं लागत नाही.

अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर (aaplesarkar.mahaonline.gov.in) घरूनही भरता येतो. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर केंद्रावर प्रत्येक दाखल्याचे कर धरून ६९ रुपये पडतात. पावती मागून घ्यावी. ‘पाचशेचा स्टॅम्प आणा’ असं कोणी सांगितलं तर देऊ नये. शासनाने २०२५ मध्येच अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क माफ केलं आहे.

नकाराची कारणं बहुधा साधीच असतात. आधारवर ‘सुनिता’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे आद्याक्षरांनी. रेशनकार्डाचं फक्त पहिलं पान जोडलेलं, नावांची यादी असलेलं पान राहून गेलेलं. फाईलचा आकार मर्यादेत बसवताना स्कॅन इतका दाबलेला की पुराव्यातली तारीखच वाचता येत नाही. अपलोड करण्याआधी प्रत्येक फाईल मोबाईलवर उघडून तारीख आणि शिक्का वाचता येतो का, ते पाहावं.

दोन्ही दाखल्यांची मुदत पंधरा दिवसांची आहे. अर्जक्रमांक टाकला की पोर्टलवर अर्जाची स्थिती कळते. अर्ज त्रुटी दाखवून परत आला असेल, तर मागितलेला कागद जोडून तो पुढे नेता येतो. नाकारला गेला किंवा मुदत उलटली, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. त्यात अर्जक्रमांक, नकाराचं लेखी कारण आणि ते खोडणारा कागद, एवढं जोडावं.