दहाची वेळ, साडेनऊला या

डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा नंबर लावला की फोनवरच्या ताई सांगतात, "दहाची वेळ आहे, पण साडेनऊला या." हा अर्धा तास केसपेपरचा. नाव, पत्ता, मधुमेह, रक्तदाब, कशाची ॲलर्जी, सगळं त्यात भरायचं असतं. नाव मात्र आधार कार्डावर आहे तसंच लिहावं. घरी 'बाळासाहेब' आणि कार्डावर 'दत्तात्रय' असले, तर पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला विम्याचा क्लेम तिथेच अडकू शकतो.

आधार, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट लोक आठवणीने आणतात. विसरतात तो जुना चष्मा. तो मशीनवर ठेवून आधीचा नंबर काढतात, म्हणजे फरक किती पडला ते कळतं. औषधांची नावं आठवत नसतील तर पट्ट्याच पिशवीत टाकाव्यात. "ती पांढरी, छोटी गोळी" एवढ्यावरून कुणालाच काही उमगत नाही.

आणि दोन-तीन तास मोकळे ठेवायचे. डॉक्टर दहा मिनिटंच बघतील, पण पडदा तपासायचा तर आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. मधुमेह असलेल्यांची बाहुली बऱ्याचदा सावकाश फुलते, मग थेंब पुन्हा घालावे लागतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं, ऊन डोळ्यांत टोचतं. म्हणून काळा गॉगल न्यावा, स्कूटर घरीच ठेवावी आणि सोबत कुणीतरी असावं.