बोलणं झालं, पण ठरलं काय?

सांगलीतल्या एका मसाला उद्योजकाला पाच मसाल्यांची लेबलं नव्यानं करून हवी आहेत, आणि पुण्यातली एक ग्राफिक डिझायनर ते काम घेते आहे, असं धरून चाला. दोघांचं फोनवर अर्धा तास बोलणं झालं. रेकॉर्डिंग चालू असल्याचं तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता त्या अर्ध्या तासातून तिला व्हॉट्सअॅपवर पाठवण्याजोगा एक मजकूर काढायचा आहे: काम कोणतं, पैसे किती आणि बदल किती वेळा.

रेकॉर्डिंग हाताशी असलं की हे सोपं वाटतं. पण घासाघीस सरळ रेषेत कधीच होत नाही. तिनं चाळीस हजार सांगितले, त्यांनी पंचवीस म्हटले. मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि ती बत्तीसवर आली. त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे, पण त्यात दिवाळीचा गिफ्ट बॉक्स पण धरा." ती म्हणाली, "बघू या." मग विषय छपाईकडे वळला.

आता ठरलं किती? घाईत सारांश लिहिणारा "फी ३२,००० रुपये" असं लिहून मोकळा होईल. तसं लिहिलं तर उद्योजकाच्या डोक्यात बॉक्ससह बत्तीस आणि डिझायनरच्या डोक्यात बॉक्सशिवाय बत्तीस राहतील. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७ सांगतं, की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. अट घालून दिलेला होकार म्हणजे नवा प्रस्ताव, आणि त्या प्रस्तावाला "बघू या" हे उत्तर होत नाही. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आकडा आहे, सहमती मात्र नाही.

म्हणून ऐकताना प्रत्येक मुद्द्यापुढे वेळ टिपून त्याचे तीन ढीग करावेत. दोघांनीही मान्य केलेलं एकीकडे, एकानंच म्हटलेलं दुसरीकडे, आणि लोंबकळत राहिलेलं तिसरीकडे. आकडे मात्र उतरवलेल्या मजकुरावरून घेऊ नयेत, मूळ आवाज पुन्हा ऐकावा. फोनवर "तेवीस" आणि "तेहतीस" यांत फारसा फरक कळत नाही, आणि "अडीच" म्हणजे अडीचशे की अडीच हजार, हे मागच्या वाक्यावरूनच समजतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती बदलांवरून. फोनवर उद्योजक म्हणाले होते, "दोन-तीन वेळा इकडचं तिकडं होणारच." ती हसून "हो, होणारच" म्हणाली. एवढ्यावरून तीन फेऱ्या ठरल्या असं लिहिणं त्यांच्या बाजूला झुकणं, आणि दोन लिहिणं तिच्या. शिवाय एक फेरी कशाला म्हणायचं, हे कोणीच बोललेलं नाही. सकाळी रंग, दुपारी अक्षरं, रात्री वहिनींची सूचना, अशा तीन मेसेजांना ती तीन फेऱ्या मोजेल आणि ते एकच. त्यामुळे मजकुरात फेरीची व्याख्या हवीच. ती फोनवर झालेली नसल्यामुळे तिचा प्रस्ताव म्हणून, तसं सांगूनच यावी.

तो मजकूर साधारण असा होईल:

"नमस्कार सर. आजच्या बोलण्यानुसार ठरलेलं: पाच मसाल्यांची पुढची-मागची लेबलं, छपाईसाठी तयार पीडीएफ. निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली अंतिम फाइल देताना. एफएसएसएआय क्रमांक, वजन, किंमत आणि घटकांचा मजकूर तुम्ही द्याल.
माझा प्रस्ताव: बदलांच्या दोन फेऱ्या फीमध्ये. सगळ्या सूचना एकत्र आल्या की एक फेरी. माझ्या चुकीची दुरुस्ती त्यात मोजणार नाही. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक लेबलाला १,५०० रुपये.
ठरायचं राहिलेलं: (अ) फक्त लेबलं, ३२,००० रुपये, की (ब) गिफ्ट बॉक्ससह ४०,०००? ओपन फाइल हवी असल्यास तेही कळवा, त्यावर आपलं बोलणं झालेलं नाही."

ओपन फाइल, म्हणजे पुढे कोणालाही बदलता येईल अशी मूळ फाइल. प्रेसवाला बहुधा ती कोरलमध्येच मागतो. पण फाइल हातात आली म्हणून डिझाइनचा कॉपीराइट हस्तांतरित होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. हा विषय या मेसेजमध्ये कोंबण्यापेक्षा स्वतंत्र कागदावर घ्यावा.

समोरून उत्तर बहुधा अंगठ्याचं येतं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली एका न्यायालयानं अशा अंगठ्याला सहीइतकं वजन दिलं. धान्य खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला, शेतकऱ्यानं अंगठा दाखवला, माल मात्र दिला नाही. त्याला ८२,००० डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. भारतीय न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण त्या शेतकऱ्यासमोर एकच करार होता. इथे "अ की ब?" असं विचारलं आहे, आणि नुसत्या अंगठ्यातून कोणतं अक्षर निवडलं ते कळत नाही. त्यामुळे डिझायनरला पुन्हा विचारावं लागतं: "सर, अ की ब?" आणि उत्तर आलं की प्रश्न काढून, ठरलेला आकडा घालून तोच मेसेज पुन्हा अख्खा पाठवायचा.