शेंगेन व्हिसाचे नकारपत्र कसे वाचावे

शेंगेन व्हिसा नाकारला की अर्जदाराच्या हाती छापील नमुन्यातले पत्र येते. सर्व शेंगेन देशांसाठी हा नमुना एकच आहे. त्यात नकाराची कारणे ओळीने छापलेली असतात आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. एकाहून अधिक खुणाही असू शकतात. पुढे काय करायचे, हे या खुणांवरूनच ठरते.

कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार पुराव्यातल्या उणिवेचा: प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही, खर्चाची तरतूद पुरेशी दिसत नाही किंवा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा नाही. दुसरा संशयाचा: कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल किंवा मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे. तिसरा नोंदींचा: १८० दिवसांतले ९० दिवस आधीच वापरले आहेत किंवा शेंगेन माहिती प्रणालीत प्रवेशबंदीची नोंद आहे.

समजा, पुण्याच्या एका नोकरदाराने दहा दिवसांच्या फ्रान्स सहलीसाठी अर्ज केला. खात्यात एरवी चाळीस हजारांच्या आसपास शिल्लक असे. अर्जाआधी आठवडाभर चार लाख जमा झाले. पत्रात ‘खर्चाची तरतूद’ आणि ‘परत जाण्याचा इरादा’ या दोन्हींपुढे खुणा आल्या. पैसे मुदत ठेव मोडून आले होते, पण तिची पावती अर्जाला जोडलेली नव्हती. रजामंजुरीचे पत्रही नव्हते. अधिकाऱ्याला ते पैसे उसने आणलेले वाटणे स्वाभाविक होते. इथे अपिलात वेळ घालवण्यापेक्षा ठेवीची पावती, पगारपत्रके, रजेचे पत्र आणि खुलाशाचे छोटे पत्र जोडून नवा अर्ज करणे सोयीचे. आधीचा नकार मात्र लपवू नये. ती नोंद व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे राहते. तरीही केवळ त्या कारणावरून नवा अर्ज आपोआप नाकारता येत नाही.

हीच पावती अर्जाला जोडलेली असूनही दुर्लक्षित झाली असती, तर अपिलाला आधार मिळाला असता. अपील निर्णय घेणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालते. कुठे आणि किती दिवसांत करायचे, हे पत्रातच दिलेले असते. फ्रान्समध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. जर्मनीने दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची मोफत सोय १ जुलै २०२५पासून बंद केली. आता न्यायालयातच जावे लागते.

कागद खोटे ठरवले गेले असतील आणि ते खरे असतील, तर अपीलच करावे. प्रवेशबंदीची नोंद चुकीची असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. ९० दिवस संपले असतील, तर दिवस मोकळे होईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नाही. तेच कागद घेऊन पुन्हा अर्ज केल्यास बहुधा तेच उत्तर मिळते आणि ९० युरोंचे शुल्कही परत मिळत नाही.