मूर्ती केशरी, भिंत निळी

घरगुती गणपतीचे फोटो पाहताना एक तक्रार हमखास ऐकू येते. मखरातल्या पिवळ्या माळेमुळे मूर्ती केशरी दिसते, उकडीचे पांढरे मोदक हळदीत बुडवल्यासारखे वाटतात आणि मागची पांढरी भिंत मात्र निळसर पडते. प्रत्यक्षात तिथे उभ्या असलेल्या कुणालाही हे रंग असे दिसलेले नसतात. मोदक पांढरेच होते, भिंतही पांढरीच होती.

याचं कारण आपल्या नजरेत आहे. दिव्याचा रंग बदलला की मेंदू तो हिशेबात धरून पांढऱ्याला पांढरंच मानतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ही सोय नाही. त्याच्यावर जसा प्रकाश पडतो तसाच तो नोंदवतो. कोणत्या प्रकाशाला पांढरा धरायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे हेच सांगणं. ‘ऑटो’वर ठेवलं की कॅमेरा चौकटीतले रंग पाहून स्वतः अंदाज बांधतो. पिवळी झेंडूची आरास, पितांबर आणि पिवळे दिवे एकत्र आले की दिवे किती पिवळे आणि वस्तू किती पिवळ्या हे त्याला कळत नाही. शिवाय चौकट थोडी सरकली की अंदाजही सरकतो, म्हणून लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत एकाच मूर्तीचा रंग वेगळा येतो.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. पिवळसर, उबदार दिव्यावर २७०० किंवा ३०००, तर आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या ट्यूबलाइटवर ६५०० लिहिलेलं आढळतं. दुपारचं ऊन ५५००च्या आसपास असतं आणि निरांजनाची ज्योत २०००च्याही किंचित खाली. आकडा जितका लहान तितका प्रकाश केशरी, मोठा तितका निळसर. कॅमेऱ्यातल्या आकड्याने मात्र अनेकांचा गोंधळ होतो. तिथे आपण फोटो किती उबदार हवा हे सांगत नसतो, समोरचा प्रकाश किती केल्विनचा आहे हे सांगत असतो. म्हणून २८००च्या दिव्याखाली कॅमेऱ्यात २८०० ठेवलं तर मोदक पांढरे येतात आणि ५५०० ठेवलं तर केशरी.

आता खरी अडचण. मखरात २७००ची माळ, छतावर ६५००ची ट्यूब आणि शेजारच्या खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश, असे तीन प्रकाश एकाच चौकटीत असतात. कॅमेऱ्यात आकडा मात्र एकच ठेवता येतो. तो माळेला जुळवला तर ट्यूबच्या उजेडातली भिंत निळी होते, ट्यूबला जुळवला तर मूर्ती केशरी होते. मधला, समजा ४०००चा आकडा धरला, तर दोन्हीकडचा दोष थोडा कमी होतो, जात नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मेनूत शिरण्याआधी भिंतीवरच्या बटणांकडे जायला हवं. ट्यूब बंद करावी आणि खिडकीचा पडदा ओढावा. मूर्तीवर एकाच जातीचा प्रकाश उरला की निम्मं काम तिथेच झालं.

पुढचं काम ग्रे कार्डचं. फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळणारं हे करड्या रंगाचं कार्ड कुठल्याही रंगाकडे न झुकणारं असतं. त्याऐवजी कोरा कागद चालतो, पण सावधपणे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं खिडकीच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात. कॅमेरा ते निळेपण कापायला जातो आणि फोटो किंचित पिवळा होतो.

कार्ड मूर्तीच्या अगदी पुढे, तिच्यावर पडतो तोच प्रकाश त्याच्यावर पडेल असं धरायचं. धरणाऱ्याची सावली किंवा रंगीत सदऱ्याची झाक कार्डावर येऊ द्यायची नाही. चौकटीचा मधला भाग कार्डाने भरावा, उजेड ना फार जास्त ना फार कमी असा घ्यावा. कॅननच्या कॅमेऱ्यात आधी हा फोटो काढायचा, मग मेनूतल्या Custom White Balance मध्ये तोच फोटो निवडायचा आणि शेवटी व्हाइट बॅलन्सच्या यादीत ‘कस्टम’चं चिन्ह लावायचं. हा शेवटचा टप्पा विसरला तर कॅमेरा ऑटोवरच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत PRE निवडून, ते लुकलुकेपर्यंत बटण दाबून कार्डाचा फोटो घेतात. मोजणी जमली तर Gd अशी अक्षरं दिसतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये बहुधा कार्ड मोजण्याची सोय नसते. तिथे केल्विनची पट्टी सरकवत कार्ड करडं दिसेल तिथे थांबायचं. खालच्या आकड्यांवर बोट हळू चालवावं, कारण २७०० ते ३२०० एवढ्या सरकण्याने रंगात पडणारा फरक ६००० ते ६५०० या सरकण्याच्या सुमारे साडेचारपट असतो.

मोजणीनंतर मोदक पांढरे आणि दूर्वा हिरव्या दिसतात, पण मखराची सायंकाळची ऊब गेल्यासारखी वाटते. ती परत हवी तर केल्विनचा आकडा हाताने थोडा वर न्यावा. प्रकाश २८००चा असेल तर ३१०० ते ३३००. मोदकावर हलकी सोनेरी झाक राहते आणि पांढरेपणही ओळखू येतं. निरांजनाच्या ज्योतीवर हा उपाय नेहमी पुरत नाही. अनेक कॅमेऱ्यांचा आकडा २५००च्या खाली जात नाही, म्हणून फक्त ताम्हनातल्या ज्योतीने उजळलेला चेहरा थोडा केशरीच राहणार आणि तो तसा शोभतोही.

कधी केशरी-निळ्याचा हिशेब जुळतो, पण चेहऱ्यांवर हिरवट छटा उरते. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबच्या प्रकाशात हिरवा रंग जास्त असू शकतो आणि केल्विनच्या पट्टीला तो दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी हिरवा-किरमिजी अशी दुसरी पट्टी असते. ती किरमिजीकडे थोडी न्यावी लागते. ग्रे कार्डाने मोजणी केली असेल तर हे आपोआप साधतं. चोक लावलेल्या जुन्या ट्यूबखाली एक निराळा त्रास होतो. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि प्रत्येक लुकलुकीत तिचा रंगही किंचित बदलतो. शटर १/२५० किंवा १/५०० ठेवलं तर सेटिंग तेच असूनही एक फोटो पिवळट, पुढचा निळसर येतो. १/५० किंवा १/१०० केलं की ही उडी थांबते.

आरतीला माणसं जमल्यावर ट्यूब बंद ठेवणं नेहमी शक्य नसतं. तेव्हा चेहऱ्यांवर ज्याचा प्रकाश जास्त, त्याला आकडा जुळवायचा. भिंत निळी झाली तर डोळा ते चालवून घेतो, निळा चेहरा नाही. फ्लॅश वापरायचा तर त्यावर केशरी जिलेटिन लावावं, म्हणजे त्याचा ५५००च्या आसपासचा प्रकाश माळेच्या जवळ येतो. जिलेटिनशिवायचा फ्लॅश म्हणजे खोलीत चौथा रंग.

फोटो रॉ स्वरूपात घेतला तर व्हाइट बॅलन्स नंतर संगणकावर बदलता येतो. जेपेगमध्ये तो शिजून पक्का होतो आणि फार ओढला की रंग फाटतात. पण रॉलाही मर्यादा आहे. पिवळ्या दिव्याखाली लाल रंग आधी भरून जातो आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचा सपाट लाल डाग होतो. तो तपशील नंतर परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या रंगवार हिस्टोग्राममधली लाल रेघ उजव्या काठाला आपटत असेल तर उजेड थोडा कमी घ्यावा. खिडकीकडचा निळा कोपरा मात्र रॉमध्ये सहज सुधारतो. तेवढाच भाग ब्रशने निवडून त्याचा आकडा वर न्यायचा, मूर्तीच्या रंगाला हात न लावता.